‘बँडविड्थ आहे का?’ असं ऑफिसात विचारलं तर नेमकं काय विचारलंय, आणि उत्तर कसं द्यायचं

नवीन नोकरीच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. लीड खुर्ची मागे सरकवून विचारतो, “अरे, या आठवड्यात तुला थोडी बँडविड्थ आहे का?” कॉलेजात हा शब्द वायफायच्या संदर्भात ऐकलेला असतो, म्हणून क्षणभर गोंधळ होतो. मग कोणी तरी हळूच सांगतं, “वेळ आहे का असं विचारतोय.” ते ऐकून नवखा माणूस “हो, आहे ना” म्हणून मोकळा होतो आणि शुक्रवारी रात्री दहा वाजता लॅपटॉपसमोर बसलेला सापडतो.

‘वेळ’ हा अर्थ चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, सवड आणि आवाका. सवड म्हणजे हातात मोकळा असलेला वेळ. आवाका म्हणजे एका वेळी किती पेलेल, ते. ऑफिसातली बँडविड्थ ही या दोन्हींची एकत्र मोट आहे. म्हणून “वेळ आहे, पण बँडविड्थ नाही” हे वाक्य विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. दुपारी तीन ते पाच कॅलेंडर रिकामं असतं, पण सकाळपासून चार वेगवेगळ्या गोष्टींमध्ये डोकं अडकलेलं असतं. त्या दोन तासांत मेलला उत्तरं देता येतील, नवीन मॉड्यूल समजून घेता येणार नाही. कोणी विचारलं की आधी मनात एवढं ठरवा, याला माझी सवड हवी आहे की आवाका? कुणाची फाइल तपासून द्यायला सवड पुरते. एखादं काम अंगावर घेऊन शेवटाला न्यायचं, तर आवाका लागतो.

शब्द कुठून आला हे माहीत असलं की तो नीट वापरता येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मूळ शब्द रेडिओचा. प्रत्येक केंद्राला आपला आवाज पाठवायला कंपनसंख्यांचा एक पट्टा लागतो आणि त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. त्या पट्टीवर आपल्याकडे केंद्रांच्या जागा ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने आखलेल्या आहेत. पट्टा तेवढाच असतो, त्यात जास्त कोंबता येत नाही. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी मांडलं की एखाद्या वाहिनीतून किती माहिती बिनचूक जाईल, हे त्या रुंदीवर आणि सोबतच्या गोंगाटावर मिळून ठरतं. पुढे संगणकाच्या जाळ्यात हाच शब्द ‘सेकंदाला किती डेटा जाईल’ या अर्थाने रुळला आणि तिथून संगणकवाल्यांच्या बोलण्यातून माणसांना चिकटला. त्यातली गोंगाटाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिशोब करताना ती कामी येईल.

पहिली पायरी: विचारतंय कोण ते बघा

शब्द तोच, पण विचारणारा बदलला की अर्थ बदलतो.

बरोबरीच्या सहकाऱ्याने “अगं, पंधरा मिनिटं बँडविड्थ आहे का, एक क्वेरी बघायची होती” असं विचारलं, तर तो साधा प्रश्न आहे. नाही म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाला विचारेल, राग येणार नाही. फक्त ती पंधरा मिनिटं बहुतेक वेळा चाळीस होतात, कारण क्वेरीच्या आधी तिची पार्श्वभूमी ऐकून घ्यावी लागते.

लीड किंवा मॅनेजर विचारतो तेव्हा तो बहुधा प्रश्न नसतो. काम आधीच ठरलेलं असतं, कुणाकडे द्यायचं तेही जवळपास ठरलेलं असतं, आणि बँडविड्थ हा ते हळुवारपणे पुढे सरकवायचा चमचा असतो. इथे नुसतं “नाही” ऐकलं जात नाही आणि नुसतं “हो” फार महाग पडतं. या लेखाचा मुख्य भाग याच प्रसंगासाठी आहे.

दुसऱ्या प्रोजेक्टचा मॅनेजर थेट तुम्हाला विचारायला आला, तर सावध व्हा. सर्व्हिस कंपन्यांमध्ये तुमचं अलोकेशन एका प्रोजेक्टवर असतं आणि तुमचे तास त्या क्लायंटला बिल होतात. ते तास परस्पर दुसरीकडे देण्याचा अधिकार तुमचा नसतो. “माझ्या मॅनेजरशी एकदा बोलून घ्याल का? ते हो म्हणाले की मी लगेच बघते,” एवढं म्हणणं पुरेसं आहे आणि त्यात उद्धटपणा काही नाही.

क्लायंट जेव्हा “व्हेन यू हॅव द बँडविड्थ” असं मेलमध्ये लिहितो, तेव्हा त्याला खरोखर सवडीने केलेलं चालणार आहे की तो फक्त सभ्यपणे बोलतोय, हे वाक्यावरून कळत नाही. अंदाज बांधू नका. “पुढच्या बुधवारपर्यंत दिलं तर चालेल का?” असं उलट विचारा. चालत नसेल तर तो लगेच खरी तारीख सांगतो.

दुसरी पायरी: हो-नाहीच्या आधी काम मोजून घ्या

“आहे का?” याला “आहे” म्हणणं हीच सगळ्यात मोठी चूक, कारण किती आणि कशासाठी हे अजून कुणीच बोललेलं नसतं. रिकामी पोती दाखवून “यात काय घालायचं ते घाला” म्हटल्यासारखं ते होतं. तीन गोष्टी विचारा: काम नेमकं काय आहे, साधारण किती तासांचं आहे, आणि कधीपर्यंत हवं आहे. बोलण्यात हे असं येतं: “बघतो ना. काय आहे काम? आणि कधीपर्यंत लागेल?” तासांचा आकडा समोरच्याला माहीत नसतो बऱ्याचदा. मग मोजता येईल असं काही मागा: किती टेस्ट केसेस, किती स्क्रीन, किती पानं, किती रो. आकडा मिळाला की तास तुमचे तुम्हाला काढता येतात.

आणि त्याच जागी उत्तर देऊ नका. “अर्ध्या तासात सांगते” हे कुठल्याही ऑफिसात चालतं. तो अर्धा तास पुढच्या पायरीसाठी आहे.

तिसरी पायरी: कागदावर हिशोब

समजा तुम्ही टेस्टिंग टीममध्ये आहात. मंगळवारी संध्याकाळी लीड म्हणते, “शुक्रवारपर्यंत रिग्रेशनला थोडा हात लावशील का? बँडविड्थ आहे का तुला?” विचारल्यावर कळतं की ४० टेस्ट केसेस चालवायच्या आहेत. एक केस चालवून निकाल नोंदवायला साधारण ६ मिनिटं लागतात, म्हणजे ४ तास. त्याआधी टेस्ट डेटा तयार करायला अर्धा तास. एकूण साडेचार तासांचं काम.

आता तुमच्याकडे काय आहे? बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस. ऑफिसात ९ तास असता, जेवण आणि चहाचा एक तास वजा केला की दिवसाचे ८, तीन दिवसांचे २४. इथे थांबून “२४ तास आहेत की” असं वाटतं. वजाबाकी अजून सुरूच झालेली नाही.

रोजचा स्टँडअप कॅलेंडरवर १५ मिनिटांचा असतो, पण लोक जमेपर्यंत आणि नंतर “तू जरा थांब” होईपर्यंत अर्धा तास जातो. तीन दिवसांचा दीड तास. बुधवारी क्लायंट कॉल १ तास. शुक्रवारी स्प्रिंट रिव्ह्यू आणि रेट्रो मिळून २ तास. मीटिंगांचे असे साडेचार तास गेले, उरले साडेएकोणीस.

डेव्हलपरने दुरुस्त केलेले बग परत तपासायला येतात, रोजचा एक तास धरा. मग मेल, चॅट, आणि एन्व्हायर्नमेंट बंद पडलं म्हणून बसून राहणं, याला रोजचा अर्धा तास. हाच तो गोंगाट. कुठल्याही तिकिटावर तो लिहिलेला नसतो, म्हणून नवखे लोक तो मोजतच नाहीत. हे दोन्ही मिळून तीन दिवसांचे साडेचार तास. उरले १५.

स्वतःची ठरलेली कामं: पेमेंट स्क्रीनचं टेस्टिंग ८ तास, रिपोर्ट स्क्रीनचं ४ तास. एकूण १२. हातात राहिले ३ तास.

इथवर बरेच जण येतात. यापुढचा भाग लोक विसरतात: ते तीन तास नेमके कुठे पडलेत? दिवसवार मांडून बघा. बुधवारी मीटिंगा आणि रीटेस्ट वजा जाता ५ तास उरतात, ते पेमेंटला जातात. गुरुवारी ६ उरतात. त्यातले ३ पेमेंट संपवायला आणि ३ रिपोर्टला. शुक्रवारी ४ उरतात, त्यातला १ रिपोर्टचा शेवट करायला. म्हणजे तुमची सगळीच्या सगळी सवड शुक्रवारी आहे. रिग्रेशनचा निकाल शुक्रवारी संध्याकाळी चालणार असेल तर ३ तास खरे. गुरुवारी रात्री बिल्ड जायचं असेल आणि निकाल त्याआधी हवा असेल, तर तुमची बँडविड्थ शून्य आहे, बेरीज काहीही सांगो. “बँडविड्थ आहे म्हणाली होतीस ना?” अशी जी कुरबूर नंतर होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं: बेरीज बरोबर असते, वार चुकलेला असतो.

आणखी एक. हे तीन तास सलग आहेत का? रिग्रेशनला तुकडे चालतात, दहा केसेस आता आणि दहा जेवणानंतर असं करता येतं. टेस्ट प्लॅन लिहायचा असेल, तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा तुकडे म्हणजे तीन तास नव्हेत. प्रत्येक तुकड्यात आधी कुठे होतो ते आठवण्यातच दहा मिनिटं जातात.

चौथी पायरी: उत्तर

हिशोब झाल्यावर उत्तर जवळजवळ आपोआप तयार होतं. तोंडी सांगा, पण चॅटवरही टाका, कारण शुक्रवारी तोंडी बोलणं कुणालाच आठवत नाही. वरच्या उदाहरणात ते असं जाईल:

“रिग्रेशनसाठी शुक्रवारी माझ्याकडे ३ तास आहेत. डेटा सेटअप धरून २५ केसेस होतील. चाळीसच्या चाळीस हव्या असतील तर रिपोर्ट स्क्रीनचं टेस्टिंग सोमवारवर जाईल. कोणतं करू?”

या चार वाक्यांत बँडविड्थ हा शब्दच नाही, हे बघा. समोरच्याने धूसर शब्दात विचारलं, तुम्ही आकड्यात उत्तर दिलं. २५ हा आकडाही हवेतला नाही: अर्धा तास सेटअप, उरलेल्या अडीच तासांत ६ मिनिटांच्या २५ केसेस. आणि शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणतं काम मागे पडेल हे तुम्ही सांगता, पण कोणतं मागे पाडायचं हे लीड ठरवते. ठरवायचं काम तिचं आहे. नवखी माणसं ते गुपचूप स्वतःच ठरवतात, रिपोर्ट स्क्रीन मनातल्या मनात पुढे ढकलतात, आणि रिव्ह्यूमध्ये ती उघडली की सगळ्यांसमोर खुलासे देत बसतात.

“नाही” म्हणायचं असेल तरी साचा हाच. “माझ्याकडे बँडविड्थ नाही” हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि व्यवहाराने कच्चं आहे. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही आणि कामाला नकार दिल्यासारखं वाटतं. “गुरुवारपर्यंत पेमेंट स्क्रीनवर आहे, शुक्रवारी दुपारनंतर घेऊ शकतो” हाही नकारच आहे, पण त्यात एक वार आहे. लीडला तेवढा वार मिळाला की तो पुढची जुळवाजुळव करू शकतो.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. हातात खरंच काम नसलं की नवखा माणूस उत्साहाने पूर्ण टीमच्या मीटिंगमध्ये सांगतो, “मला सध्या भरपूर बँडविड्थ आहे.” यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ऐकणारे वेगळं ऐकतात. मीटिंगमध्ये क्लायंट असेल तर त्याच्या डोक्यात येतं, मग या माणसाचे तास मला का लावताय? आणि आतल्याच लोकांची मीटिंग असेल तर जे काम कुणालाच नको ते तुमच्याकडे सरकतं. मोकळे आहात हे सांगा, पण लीडला एकट्याला, आणि काय करायला आवडेल तेही सोबत सांगा: “दोन दिवस हलके आहेत, ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट बघू का?”

क्लायंटसमोर “आमच्या टीमला बँडविड्थ नाही” हे तर तुम्ही बोलूच नका. ते बोलायचं की नाही हे मॅनेजर ठरवतो. पाच जणांचे पैसे देणारा क्लायंट लगेच विचारतो की पाच जण करतात काय, आणि मग त्या आठवड्याच्या टाइमशीट उघडल्या जातात. क्लायंटने तुम्हालाच विचारलं तर “तपासून आज संध्याकाळपर्यंत कळवतो” म्हणा आणि मॅनेजरला कॉलनंतर लगेच सांगा.

पाचवी पायरी: दिलेले तास नोंदवा

हे कंटाळवाणं आहे, म्हणून राहतं. शुक्रवारी तीन तास रिग्रेशनला दिले आणि टाइमशीटमध्ये ते रिपोर्ट स्क्रीनवर टाकले, तर महिनाअखेरीला असं दिसतं की चार तासांच्या रिपोर्ट स्क्रीनला तुम्ही सात तास लावले. मदत केल्याची कुठे नोंद नाही आणि तुम्ही संथ आहात याची मात्र आहे. म्हणून काम घेतानाच विचारा, “हे तास कुठल्या कोडवर टाकू?” कोड नसेल तर लीडकडून तिकीट करून घ्या. जे काम तिकीट करण्याइतकंही मोठं नाही, ते तीन तासांचं नसावं.

तुम्हाला दुसऱ्याची बँडविड्थ हवी असेल तेव्हा

वरचं सगळं उलटं करा. चॅटवर नुसतं “हाय, बँडविड्थ आहे का?” टाकून थांबू नका. समोरचा माणूस ते वाचतो, कशासाठी ते माहीत नसल्यामुळे हो म्हणायला घाबरतो आणि मेसेज तसाच ठेवून देतो. तुम्हाला वाटतं, वाचून उत्तर दिलं नाही. त्याऐवजी काम, आकार, तारीख आणि सुटायची वाट, हे चारही एकाच मेसेजमध्ये घाला:

“लॉगिनच्या ८ टेस्ट केसेस रिव्ह्यू करून हव्या होत्या, साधारण अर्ध्या तासाचं काम आहे. उद्या चारपर्यंत झालं तर बरं. जमत नसेल तर सांग, मी दुसऱ्या कुणाला विचारते.”

शेवटचं वाक्य नुसतं सौजन्याचं नाही. त्यामुळे “नाही” लवकर येतं, आणि लवकर आलेलं “नाही” तुमच्या उपयोगाचं असतं. वरिष्ठांना विचारताना सूर थोडा बदलतो. “सर, आज तुम्हाला सवड होईल का?” असं सरळ मराठीत विचारलेलं जास्त बरं दिसतं. “सर, तुम्हाला बँडविड्थ आहे का?” हे काही ठिकाणी चालतं, पण पन्नाशीतल्या माणसाला ते कानाला खटकू शकतं, कारण बँडविड्थ बहुधा वरून खाली विचारली जाते.

बोलण्यातल्या रूपांबद्दलही थोडं. मराठीत हा शब्द बहुतेक जण स्त्रीलिंगी चालवतात: बँडविड्थ मिळाली, बँडविड्थ संपली. “माझी बँडविड्थ फुल आहे” म्हणजे भरलेली आहे, अजून काही मावणार नाही. “त्याची फिफ्टी परसेंट बँडविड्थ आपल्याकडे आहे” म्हणजे त्याचा अर्धा वेळ आपल्या कामासाठी राखलेला आहे. अशी अर्धी माणसं दिसायला स्वस्त असतात, पण दोन प्रोजेक्टचे स्टँडअप आणि दोन्हीकडच्या मेल वजा केल्या की आठ तासांतले चार कधीच हाती लागत नाहीत, तीन मिळाले तरी खूप. “बँडविड्थ इश्यू आहे” हे वाक्य मॅनेजरांच्या मीटिंगमध्ये ऐकू आलं, तर बहुधा माणसं कमी पडतायत असं समजा.

एका जागी मात्र हा शब्द आपल्या जुन्या अर्थानेच वापरला जातो. कॉलवर आवाज तुटायला लागला आणि कोणी म्हणालं, “व्हिडिओ बंद करते, बँडविड्थ कमी आहे,” तर तिच्याकडे वेळ नाही असा अर्थ घेऊ नका, तिचं इंटरनेट अडतंय. तसंच नेटवर्क टीमला काही काम सांगताना “तुमच्याकडे बँडविड्थ आहे का?” असं लिहू नका. तिथून लाइन किती एमबीपीएसची आहे ते येईल. त्यांना “आज कुणाला वेळ आहे का?” असंच विचारा.